एका क्वार्टरनंतरची सकाळ

आमच्याकडे श्रावण पाळणारे लई. वर्षभर रोज संध्याकाळी टाकणारा माणूससुद्धा श्रावणात बाटलीकडं बघत नाही, सोमवार धरतो, पोथीला बसतो, बायकोपण जरा निवांत असते. मग पोळा येतो, बैलं सजतात, पुरणपोळी होते आणि दुसऱ्या दिवशी कर. करीला घरोघर मटण शिजतं, आणि मटणाबरोबर जे यायचं ते येतंच. करीनंतरच्या आठवड्यात आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातला फोन जास्त वाजतो हे मी इतक्या वर्षांत बघितलंय, आणि समोरचा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "ताई, महिनाभर सोडली होती की, म्हणजे मनात आणलं तर मला सोडता येते."

येते ना. सोडता येते हे खरंच आहे, त्यात मी वाद घालत नाही. पण श्रावणात अख्खं गाव तुमच्याबरोबर सोडतं, मित्र बोलवत नाहीत, घरी काही शिजत नाही, आणि शेवटची तारीख कॅलेंडरवर आधीच छापलेली असते. तिथं तुमची परीक्षाच होत नाही. दारू बंद करणं हे एक काम आणि बंद ठेवणं हे दुसरं, आणि दुसऱ्या कामाची तयारी कुणीच करून येत नाही. डिस्चार्जच्या दिवशी नारळ फोडतात, देवीची शपथ घेतात, पेढे वाटतात, आणि पुढं काय म्हटलं की "आता नाही पिणार" एवढाच प्लॅन असतो.

माळेचं तर मला फार बघायला मिळतं. आपल्या भागात कित्येक घरं तुळशीच्या माळेनं वाचलीत, हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळं माळेबद्दल वाकडं बोलणारी मी नाही. पण एक गोष्ट परत परत दिसते. माळकरी माणूस वर्ष-दीड वर्ष छान राहतो, मग एखाद्या लग्नात एक ग्लास घेतो, आणि घरी येऊन पहिलं काम काय करतो तर माळ काढून देवघरात ठेवतो. "आता मी बाटलो, हिला कशाला बाटवू." आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून जी सुरू होते ती महिनाभर थांबत नाही. ग्लास एकच होता. महिना गेला तो माळ काढल्यानंतरच्या विचारानं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत सिएटलला अ‍ॅलन मार्लाट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1970 च्या दशकात सोडून पुन्हा सुरू झालेल्या लोकांना नीट बसवून विचारलं, की बाबा पहिला घोट नेमका कुठं, कुणाबरोबर, मनात काय चालू असताना घेतलास. 1985 पर्यंत त्यातून एक पूर्ण पद्धत उभी राहिली. सगळ्यात जास्त पहिले घोट तीन ठिकाणी सापडले: मन खराब असताना, कुणाशी भांडण झाल्यावर, आणि चारचौघांचा आग्रह असताना. या तिन्हीत मिळून जवळपास तीन चतुर्थांश. पण मला त्यांचं दुसरं म्हणणं जास्त कामाचं वाटतं. एकदा पिणं आणि पुन्हा पूर्ववत पिऊ लागणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि मधली वाट माणूस स्वतःशी काय बोलतो त्यावर ठरते. "आज अमुक कारणानं घेतली गेली" असं बोलणारा थांबू शकतो, "मी आहेच असला, माझ्यात दमच नाही" असं बोलणारा बाटली संपवतो. आमच्याकडं पहिल्याला स्लिप म्हणतात, दुसऱ्याला रिलॅप्स. कागदावर फरक सोपा आहे, घरात रात्री अकरा वाजता तो कुणाला सुचत नाही.

आता दत्ताचं सांगते. नाव बदललंय, गावही सांगत नाही, औसा-निलंगा पट्ट्यातलं समजा. चाळिशीचा माणूस, पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. केंद्रातून बाहेर पडायच्या आठवड्यात आम्ही त्याला वही दिली आणि सांगितलं, गेल्या वर्षभरात कधी कधी जास्त झाली ते आठवून लिही, तारीख नको, फक्त जागा, माणसं आणि त्या आधीचे दोन-तीन तास. लोक सुरुवातीला "टेन्शन आलं की" असं लिहितात. त्याचा काही उपयोग नाही. टेन्शन कुठल्या रस्त्यावर येतं, कुठल्या वाजता येतं, खिशात किती पैसे असताना येतं, तिथपर्यंत जावं लागतं.

दत्तानं जे लिहिलं त्यात सगळ्यात वर होती आडत. लातूरला सोयाबीन घालायचा दिवस. मी म्हटलं मला तो दिवस पहाटेपासून सांगा. तर पहाटे चारला गावातून पिकअप निघतो, चहावर निघायचं, पोटात काही नाही. आडतीवर माल उतरला, मापाड्याची वाट बघायची, मग सौदा. 2024 चा हंगाम होता, हमीभाव होता क्विंटलला 4892 रुपये आणि सौद्यात बोली त्याच्या कितीतरी खाली. ओलावा जास्त म्हणून अजून कापणार. म्हणजे दुपारी दोनला माणूस उपाशी आहे, रात्रीची झोप नाही, डोक्यात राग आहे, हातात पट्टी आणि रोख आहे, आणि शेजारी गावातला तोच दोस्त उभा आहे जो दर वर्षी म्हणतो, "चल, बसू थोडं, मग निघू." दत्ता वर्षानुवर्षं समजत होता की आपण भाव पडल्याच्या दुःखानं पितो. भाव चांगला मिळाला त्या वर्षी पण पिला होताच की. वहीत मांडल्यावर त्यालाच हसू आलं.

मग आम्ही प्रत्येक प्रसंगापुढं एक आकडा लिहायला सांगतो, इथं न पिता निघून येण्याची स्वतःबद्दल किती खात्री, शंभरपैकी. करीच्या दिवसाला त्यानं साठ दिले, भावकीतल्या भांडणाला पन्नास, आडतीला वीस. वीस म्हणजे तिथं हिंमतीवर सोडायचंच नाही, दिवसच बदलायचा. ठरलं असं, की मालाबरोबर धाकटा भाऊ जाईल आणि पट्टीचे पैसे खात्यावर येतील. दत्ताला जायचंच असेल तर घरून भाकरी बांधून न्यायची आणि सौद्याच्या आधी खायची. दोस्ताला काय म्हणायचं ते वाक्यसुद्धा आधी ठरलं, कारण ऐन वेळेला माणूस "नको रे" एवढंच बोलतो आणि "नको रे" ला कुणी विचारत नाही. त्याचं वाक्य होतं, "डॉक्टरची गोळी चालू आहे, घेतली तर दवाखान्यात न्यावं लागेल, तू नेणार का?" ते खरंही होतं, वर दारू घेतली की त्रास होतो ती डायसल्फिराम नावाची गोळी चालू होती. आडत निभावली. आकडा नंतर त्यानं स्वतःच वीसचा पंचावन्न केला.

पण स्लिप झाली ती दुसरीकडंच, जिथं यादीत काहीच नव्हतं. जानेवारीत, हुरड्याला.

हुरडा म्हणजे आनंदाची गोष्ट. आगटी पेटलेली, कोवळी ज्वारी, हातावर चोळलेला गरम दाणा, लसणाची चटणी, गूळ, थंडी. तिथं कसलं टेन्शन? आणि तिथंच गफलत होते, कारण यादी करताना माणूस फक्त दुःखाचे प्रसंग मोजतो, आणि चार महिने बरे गेले की घरच्यांचंही लक्ष सैल होतं. नंतर आम्ही तो दिवस उलटा मोजत गेलो, ग्लासापासून मागं मागं. ग्लास हातात आला तेव्हा रात्रीचे साडेआठ. त्याच्या आधी सगळे आगटीपासून उठून शेतातल्या आखाड्यावर गेले होते आणि दत्ता एकटा मागं राहिला नाही, बरोबर गेला. त्याच्या आधी, तो स्वतःच्या मोटरसायकलवर आलाच नव्हता, मेव्हण्याच्या दोस्ताच्या जीपमध्ये आला होता, म्हणजे निघावं वाटलं तरी निघता येणार नव्हतं. "थंडीत कशाला गाडी चालवायची" म्हणून. त्याच्या आधी मोबाईल घरी चार्जिंगला राहिला. त्याच्याही आधी, तीन आठवड्यांपूर्वी, डायसल्फिराम संपली होती आणि लातूरला जायचं म्हणून आणायची राहिली. या गोळीचा परिणाम बंद केल्यावरही चौदा दिवसांपर्यंत राहू शकतो, तीन आठवड्यांत तो गेलेला. आणि सगळ्यात मागं, तिथं कोण कोण येणार हे त्यानं विचारलंच नव्हतं.

यातला एकही निर्णय दारूचा नाही बघा. थंडी होती, चार्जिंग नव्हतं, गोळ्या संपल्या, सगळं खरंच आहे. दत्ता खोटं बोलत नव्हता. पण असे चार-पाच साधे निर्णय एका रांगेत लागले की शेवटी माणूस अशा जागी उभा असतो जिथं नाही म्हणायला फार ताकद लागते. मार्लाटनं यावर बरंच लिहिलंय, वरवर संबंध नसलेले निर्णय. म्हणून मी आता लोकांना विचारते, तुम्ही पिणार का हे सोडा, तुम्ही परत कसे येणार ते सांगा. ज्याच्याकडं परतीची गाडी आहे त्याच्याकडं अर्धा प्लॅन आहे.

एक क्वार्टर झाली. दुसरी उघडली तेव्हा, त्याच्याच शब्दांत, "मनात आलं की आता चार महिन्यांची माती झाली, आता थांबून काय उपयोग, आजच्या दिवस मनसोक्त पिऊन घेऊ." हाच तो क्षण ज्यासाठी वहीतलं दुसरं पान असतं. पहिल्या पानावर पिऊ नये म्हणून काय करायचं ते, दुसऱ्या पानावर प्यायली गेलीच तर पुढचे चोवीस तास काय करायचं. बऱ्याच घरच्यांना हे दुसरं पान आवडत नाही, "तुम्ही आधीच पिण्याची सोय करून ठेवताय की." दत्ताच्या वडिलांनी तर ते पान फाडायला सांगितलं होतं. त्यानं ते मोबाईलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलं, आणि मोबाईल घरी! पण लिहिताना तीन-चार वेळा मोठ्यानं वाचून घेतलं होतं त्यामुळं पहिली ओळ आठवली: जागा सोड, आणि साडूला फोन कर.

साडू हा त्याच्या आधी सहा वर्षं सोडलेला माणूस. बायको का नाही? कारण बायकोला फोन केला की रडणं, ओरडणं, आणि ते रास्तच आहे, तिनं सोसलंय. पण पिलेल्या माणसाला त्या वेळी लाज वाटली की तो अजून पितो. म्हणून पहिला फोन अशा माणसाला जो रागावणार नाही आणि लाडही करणार नाही. दत्तानं दुसऱ्याच्या मोबाईलवरून फोन लावला. साडू एवढंच म्हणाला, "किती झाली? बरं. ग्लास खाली ठेव, भाकरी खा, मी यायलोय. गाडीवर बसू नको." तो रात्री दहाला येऊन घेऊन गेला, स्वतःच्या घरी झोपवलं, आणि बायकोला त्यानंच कळवलं, लपवलं काही नाही. लपवलं तर सकाळी खोटं सांभाळायला परत प्यावी लागते, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

सकाळ अवघड होती. डोकं जड, तोंड कोरडं, त्यापेक्षा जास्त म्हणजे घरी तोंड कसं दाखवायचं. दुसऱ्या पानावर बायकोसाठीपण दोन ओळी होत्या, तिच्याशी आधी बोलूनच लिहिलेल्या: पिलेल्या रात्री चौकशी नाही, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बोलायचं, आणि शपथ घालायची नाही. तिनं पहिल्या दोन पाळल्या. तिसरीला ती म्हणाली, "लेकराच्या डोक्यावर हात ठेव." साडूनं मधे पडून थांबवलं. मला विचाराल तर तिथं तिची चूक काही नाही, पण लेकराच्या डोक्यावर हात ठेवून मोडलेली शपथ घेऊन जगणारी माणसं मी बघितलीत, पुढच्या स्लिपला ती फोन करत नाहीत, तोंड लपवतात, आणि तोंड लपवलेल्या माणसाला मदत पोचत नाही.

एक धोका मात्र थोडक्यात टळला. शेजारच्या मावशीनं बायकोला एक पुडी आणून दिली होती, "चहात घाल, त्याला कळायचं पण नाही, दारूचा वासच नको वाटंल." अशा पुड्यांत काय असतं कुणी सांगत नाही, पण कित्येकदा डायसल्फिरामच असते. ही गोळी डॉक्टरनं तपासून, माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं द्यायची असते. शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास जायच्या आत दिली, किंवा दिलेली माहीत नसताना तो पिला, तर चेहरा लाल होणं, छाती धडधडणं, उलट्या, बीपी एकदम पडणं, हृदयाचा त्रास असणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो. सकाळी सहाला चहातनं पुडी दिली असती तर ती रात्रीच्या दारूपासून आठच तासांवर पडली असती. बायकोनं पुडी घालायच्या आधी मला फोन केला म्हणून बरं झालं. गोळी परत चालू झाली, पण तीन दिवसांनी, डॉक्टरला दाखवून.

आता दत्ताचं थांबलं म्हणून सगळ्यांचं असंच होतं असं नाही. स्लिप आहे की रिलॅप्स हे मी एका रात्रीवर ठरवत नाही, पुढच्या दोन-तीन दिवसांवर ठरवते. दुसऱ्या दिवशी पण घेतली का, सकाळी हात थरथरतात म्हणून घेतली का, बाटली गोठ्यात कडब्यात लपवायला लागला का, फोन उचलायचा बंद झाला का. यातलं सुरू झालं असेल तर मग दुसऱ्या पानाच्या भरवशावर घरी बसायचं नाही. विशेषतः आठवडाभर रोज पिला आणि मग घरच्यांनी कोंडून एकदम बंद केली, हे फार वाईट. शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी माणूस बरळायला लागतो, नसलेली माणसं दिसतात, अंग तापतं, घाम फुटतो. ज्याला आधी कधी बंद केल्यावर फिट आलीय त्याला तर परत यायची शक्यता जास्तच. त्याला "भूत लागलं" म्हणून कुठं नेऊ नका, सरळ दवाखान्यात न्या. लातूर, अंबाजोगाई, नांदेड, संभाजीनगर, चारही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे. रात्री कुणीच सापडंना तर व्यसनासाठी 14446 आणि मानसिक त्रासासाठी 14416 हे सरकारी नंबर फुकट लागतात.

आणि मापाचं एक राहिलं. सोडलेल्या माणसाचं शरीर जुनी सवय विसरतं, हात मात्र जुन्याच मापानं ओततो. दत्ताला एका क्वार्टरमध्ये पाय सापडंना, पूर्वी दोन झाल्या तरी तो गाडी चालवायचा. दारूत यामुळं रस्त्यावर माणसं जातात. गर्द किंवा तसल्या अफूच्या जातीच्या नशेत तर बंद ठेवल्यानंतर जुना डोस घेतला की श्वासच थांबू शकतो, म्हणून त्या पोरांच्या दुसऱ्या पानावर पहिली ओळ वेगळी असते: एकट्यानं घेऊ नको, आणि कुणी उठंना झालं तर पोलिसाची भीती न बाळगता 108 लावा.

लोक मला विचारतात, मग अधूनमधून एखादी स्लिप चालते म्हणा की. हा प्रश्न घरचे कधी विचारत नाहीत, पिणाराच विचारतो, आणि विचारतानाच डोळ्यात थोडी चमक असते. याला माझं उत्तर असं, की दुसरं पान पिल्यानंतर उघडायचं असतं. पिण्याच्या आधी जो ते उघडून बघतो, "झालीच तर साडू आहेच की" म्हणतो, त्याची स्लिप सुरू झालेली आहे, ग्लास फक्त यायचा राहिलाय. अशा वेळी मी त्याला परत पहिल्या पानावर आणते आणि विचारते, आज कुठं जायलास, कुणाबरोबर, परत कसा येणार.

दत्ता त्या आठवड्यात आला तेव्हा त्याचं एकच म्हणणं होतं, चार महिने शून्यावर आले. मी वही उघडायला लावली. चार महिन्यांत आडत झाली, दिवाळी झाली, भावकीचं भांडण झालं, चुलत्याचं तेराव्याचं जेवण झालं, हे सगळं त्याच्याच अक्षरात होतं, ते कुठं जात नाही. एक रात्र गेली, आणि त्या रात्रीतनं पण दुसरी क्वार्टर अर्धी उरवून तो निघाला होता. मग आम्ही हुरडा यादीत घातला, आकडा चाळीस. परतीची गाडी स्वतःची, मोबाईल चार्ज करून खिशात, गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी मेडिकलला फोन बायकोनं करायचा. निघता निघता तो म्हणाला, "ताई, चैतात सासुरवाडीला कंदुरी आहे, मेव्हण्याचा नवस. जावंच लागंल." कंदुरी म्हणजे बोकड, रात्रभर मुक्काम, आणि सगळी पाहुणेमंडळी. मी आकडा विचारला. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, पंचवीस. बायको म्हणाली दहा लिहा. शेवटी ठरलं की दुपारी नैवेद्य दाखवेपर्यंत थांबायचं, प्रसाद घ्यायचा आणि पाचच्या एसटीनं परत, साडूच्या बरोबर. मेव्हणा रुसणार आहे. त्याला काय सांगायचं ते वाक्य अजून जमंना झालंय, पुढच्या आठवड्यात त्यावरच बसणार आहोत.